फोडण्याआधी काय फोडणार ते लिहा

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर रिनोव्हेशनचे नियम लावलेले असतात. कामाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, रविवारी काम बंद, डेब्रिज जिन्यात ठेवू नये, डिपॉझिट पंचवीस हजार. खाली सेक्रेटरींची सही. सभासद अर्ज देतो, ‘घराचे अंतर्गत नूतनीकरण करणे आहे, तरी परवानगी मिळावी ही विनंती.’ कमिटी त्यावर ‘मंजूर’ असा शिक्का मारते. मग सगळा वाद त्या शिक्क्यानंतर सुरू होतो, कारण नेमकं काय मंजूर झालं हे दोघांनाही सांगता येत नाही.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये हा विषय थोडक्यात आहे. कमिटीच्या पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने सदनिकेत भर घालू नये किंवा फेरबदल करू नयेत, इतरांना त्रास होईल असं काही करू नये आणि सेक्रेटरींनी पूर्वसूचना देऊन पाहणी करायला यायचं म्हटलं तर येऊ द्यावं, असा त्याचा गाभा. गळतीच्या खर्चाची वाटणीही तिथेच आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी संस्थेच्या खर्चाचं, आणि संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी गळती त्या त्या सदनिकाधारकाच्या खर्चाची. रिनोव्हेशनचे बहुतेक दीर्घ वाद या शेवटच्या वाक्यावर येऊन अडकतात. आवाजाचा त्रास महिन्याभरात संपतो. खालच्या घराच्या छतावर उमटलेला ओला डाग पाच-पाच वर्षं सर्वसाधारण सभेत हजर असतो.

म्हणून नियम समजून घ्यायचे तर एक घर डोळ्यांसमोर आणू. मुलुंडमधली साधारण तीस वर्षांपूर्वीची सात मजली इमारत, पाचव्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं घर. नव्या मालकांना हॉल आणि किचनची जुनी फरशी काढायची आहे, दोन्ही बाथरूम नवी करायची आहेत आणि हॉल-किचनमधली आठ फुटी भिंत पाडून ‘ओपन किचन’ करायचं आहे. घर काल्पनिक आहे, पण मागणी इतकी सर्रास आहे की प्रत्येक सेक्रेटरीच्या फाइलीत असा एक अर्ज सापडेल.

पहिला प्रश्न, महापालिकेची परवानगी लागते का? मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 मध्ये याचं उत्तर आहे. सर्वसाधारण दुरुस्तीची कामं तिथे परवानगीतून वगळली आहेत. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप आणि विजेची जोडणी बदलणं ही सगळी त्यात येतात. मात्र इमारतीची आडवी-उभी मापं बदलणं, भार पेलणारे भाग काढणं किंवा बदलणं, जमिनीची पातळी खाली नेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं हे या सवलतीत बसत नाही. ठाणे, पुणे, नाशिकला कायदा आणि नियमावली वेगळी असली तरी विभागणी साधारण अशीच आहे. म्हणजे आपल्या घरातली फरशी आणि बाथरूम यांना महापालिकेत जावं लागत नाही. सोसायटीत मात्र जावंच लागतं. ‘पालिकेला चालतं, मग कमिटी कोण विचारणार?’ हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही, कारण उपविधी मान्य करूनच सभासद संस्थेत आलेला असतो.

उलटही तितकंच खरं. बाल्कनी आत घेणं, खिडकीचा छज्जा वाढवून त्यावर भिंत उचलणं, डक्टमध्ये स्लॅब टाकून स्टोअररूम करणं, या गोष्टींना कमिटीने ‘मंजूर’ लिहून दिलं तरी ती मंजुरी निरर्थक असते. जे देण्याचा अधिकार कमिटीकडे नाही ते तिने देऊ नये. अनेक चांगल्या स्वभावाचे चेअरमन इथेच अडकतात.

आता भिंत. गवंडी येतो, हाताने ठोकून बघतो आणि सांगतो, ‘साहेब, नुसती विटांची आहे, अर्ध्या दिवसात उतरवतो.’ आपल्या मुलुंडच्या घरात तो बहुधा बरोबर असेल. त्या काळातल्या बहुतेक इमारती आरसीसी चौकटीच्या आहेत. भार कॉलम, बीम आणि स्लॅब वाहतात, साडेचार इंची भिंत फक्त खोल्या वेगळ्या करते. पण ‘बहुधा’ या शब्दावर सात मजले उभे करायचे नसतात. जुन्या पुण्यात, गिरगाव-दादरला नऊ आणि चौदा इंची भिंतींवरच मजले चढवलेल्या इमारती आहेत, तिथे भिंत हाच खांब. आणि नव्या टोकाला गेल्या पंधरा-वीस वर्षांतले टॉवर. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओतलेले, ज्याला बाजारात ‘मायव्हान’ म्हणतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे भिंत पाडणं सोडाच, पाण्याचा पाइप लपवायला खाच मारणंही धोक्याचं, कारण इंचभर खाच मारली की सळई उघडी पडते. तिन्ही इमारतींना एकच छापील नियमावली लावली तर ती कुठे अपुरी पडणार आणि कुठे जाचक होणार.

भिंत पाडण्याची परवानगी मागणाऱ्याकडून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र मागावं, हे म्हणूनच. आर्किटेक्ट किंवा इंटिरिअर डिझायनरचं नव्हे. संस्थेकडे मूळ आरसीसी ड्रॉइंग असतील तर ती त्या इंजिनिअरला दाखवावीत. बिल्डरने हस्तांतरणाच्या वेळी दिलेल्या कागदांत ती सापडतात, नसतील तर महापालिकेच्या जुन्या नोंदींमधून किंवा मूळ इंजिनिअरकडून मिळवता येतात. कॉलम-बीमला हात लागला तर काय होतं याचं मुंबईतलं उदाहरण फार जुनं नाही. 25 जुलै 2017 ला घाटकोपरमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलाच्या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लागला असा रहिवाशांचा आरोप होता आणि त्या जागेच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. वरच्या मजल्यांवरच्या कुटुंबांनी आपल्या घरात एक खिळासुद्धा ठोकला नसेल.

भिंत पाडण्याइतकंच भिंत हलवणं महत्त्वाचं आहे, आणि त्याच्याकडे कमिट्यांचं लक्ष जात नाही. जुनी भिंत बहुधा बीमवर असते. तीच भिंत चार फूट सरकवून बेडरूम मोठी केली की ती स्लॅबच्या मधोमध येते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत एका मीटर लांबीला सातशे किलोच्या आसपास भरते. तो भार स्लॅबला अपेक्षित नव्हता. हलक्या ब्लॉकची भिंत त्याच्या निम्म्याच्या आसपास येते, जिप्सम बोर्डची तर अगदी थोडी. नियमात ‘नवीन भिंत विटांची नको’ एवढी एक ओळ असली तरी मोठा धोका टळतो.

फरशीचंही तसंच. तोडफोडीचा आवाज आणि डेब्रिज टाळायला जुन्या फरशीवरच नवी बसवायची टूम आली आहे. पातळ टाइल चिकटवण्याच्या रसायनाने लावली तर ठीक. पण जुन्या फरशीवर दोन इंच सिमेंट-रेतीचा थर आणि त्यावर ग्रॅनाइट किंवा मार्बल लावलं, तर प्रत्येक चौरस मीटरला दीडशे किलोच्या जवळपास कायमचं वजन वाढतं. भारतीय मानकात राहत्या घराच्या खोलीसाठी माणसं, सामान वगैरेंचा भार चौरस मीटरला साधारण 200 किलो धरलेला आहे. म्हणजे त्या जागेत माणसं, कपाटं आणि पलंग यांच्या वाट्याचा बराच भाग दगडाने आधीच खाल्ला. म्हणून अर्जात ‘फरशी बदलणे’ एवढं लिहून भागत नाही. जुनी काढणार की तिच्यावर लावणार, कोणती लावणार आणि खालचा थर किती जाड, हे लिहून घ्यावं.

अर्ज कसा असावा याचं उत्तर यातूनच येतं. घराचा एक साधा नकाशा, बिल्डरच्या ब्रोशरमधला चालेल. त्यावर लाल पेनाने काढायच्या गोष्टी, निळ्याने नव्या. बाथरूमच्या पाण्याच्या लाइन कुठून कुठे जाणार, एसीच्या पाइपसाठी आणि चिमणीसाठी भोक कुठे पाडणार. हे भोक बीममधून जाता कामा नये आणि त्यासाठी कमिटीने जागेवर खूण करून घ्यावी. सोबत कंत्राटदाराचं नाव, फोन, मजुरांची यादी आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती. परवानगीचं पत्रही मग ‘मंजूर’ असं एका शब्दाचं राहत नाही. ‘सोबतच्या नकाशात दाखवलेल्या कामापुरती, अमुक तारखेपर्यंत’ अशी तिची हद्द ठरते. नंतर काही जास्त फोडलेलं दिसलं तर नकाशा पुढे ठेवता येतो आणि आवाज चढवावा लागत नाही.

कमिटीनेही किती दिवसांत उत्तर द्यायचं ते नियमात असावं. पंधरा दिवस पुरेसे आहेत. अर्ज महिनाभर दडवून ठेवणं आणि मग ‘विनापरवानगी काम सुरू केलं’ म्हणून नोटीस काढणं, हा काही सोसायट्यांचा आवडता खेळ आहे. नकार द्यायचा तर कारणासकट लेखी द्यावा.

परवानगी आणि पहिला हातोडा यांच्यामध्ये एक काम राहतं, आणि माझ्या मते संपूर्ण नियमावलीत ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. खालच्या घरात जाऊन छताचे आणि बाथरूमच्या भिंतींचे फोटो काढायचे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी काम करणारा सभासद, कंत्राटदार आणि कमिटीचा एक जण असे तिघे मिळून जातात. असलेले डाग, भेगा, फुगलेला रंग, सगळं तारखेसकट टिपतात आणि काकूंची सही घेतात. शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीचंही तेच. जुनी भेग नव्या कामाच्या माथी मारली जात नाही आणि नवी भेग जुनी ठरवून झटकता येत नाही. अर्धा तास जातो, चहा होतो, आणि पुढचे दोन महिने काकू वर येऊन भांडण्याऐवजी फोन करतात.

मग कामाच्या वेळा. केंद्र सरकारच्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि त्या वेळात निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला मनाई आहे. दुपारी दोन ते चार शांतता, रविवारी बंदी, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात तोडफोड नको, हे सगळं सोसायट्यांनी स्वतः ठरवलेलं. ते चुकीचं नाही, पण त्याला आधार हवा तो सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा. चेअरमनच्या दुपारच्या झोपेवरून वेळ ठरली की पुढच्या चेअरमनबरोबर ती बदलते.

बहुतेक नियमावल्यांत एक ढोबळपणा आहे. सगळ्या कामाला एकच वेळ. खरं तर त्रास कामाचा नसतो, तीन-चार यंत्रांचा असतो. काँक्रीट फोडणारा ब्रेकर, ड्रिल, टाइल कटर आणि खाच मारणारं ग्राइंडर. ब्रेकरचा हादरा स्लॅबमधून कॉलममध्ये आणि कॉलममधून इमारतभर जातो, म्हणून पाचव्या मजल्यावरचं काम दुसऱ्या मजल्यावर ‘आपल्याच डोक्यावर’ वाटतं आणि तिथले आजोबा भलत्याच घराची बेल वाजवतात. खिडक्या बंद करून तो आवाज थांबत नाही. उलट रंग, प्लास्टर, फरशी बसवणं, वायर ओढणं ही कामं शेजाऱ्याला कळतही नाहीत. तेव्हा यंत्रांना कडक वेळ द्यावी, समजा दहा ते एक आणि साडेतीन ते सहा, शनिवारी फक्त सकाळी. बाकी कामांना आठ ते आठ मोकळीक द्यावी. कंत्राटदाराचा दिवस वाया जात नाही आणि काम महिनाभर आधी संपतं. सगळ्यालाच सात तासांची चौकट लावली की दोन महिन्यांचं काम चार महिने रेंगाळतं, आणि शेजाऱ्यांनी नक्की काय मिळवलं हा प्रश्न उरतो.

तोडफोडीचे दिवसही मोजून द्यावेत. आपल्या मुलुंडच्या घराची सगळी फोडाफोडी दोन-तीन मजूर आठ-दहा दिवसांत उरकतात. त्या दहा दिवसांच्या तारखा आठवडाभर आधी लिफ्टमध्ये लावल्या की ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे, ऑपरेशन झालेलं माणूस आहे किंवा घरून नोकरी आहे, ते आपापली सोय बघतात. माणसं आवाज सहन करतात. तो कधी थांबणार हे माहीत नसणं त्यांना सहन होत नाही.

आणि डेब्रिज. महापालिकेच्या कागदावर राडारोडा, मजुरांच्या तोंडी मलबा. अर्जात त्याला एक ओळ मिळते, ‘डेब्रिजची विल्हेवाट सभासद लावेल.’ प्रत्यक्षात ते किती निघतं याचा अंदाज मालकाला नसतोच, कमिटीलाही नसतो. हिशेब करून पाहू. हॉल-किचनची अडीचशे चौरस फूट फरशी खालच्या मसाल्यासकट पावणेतीन टन भरते. आठ फुटी भिंत पावणेदोन टन. बाथरूमची जमीन बाकीच्या स्लॅबपेक्षा खोल असते, तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरलेला असतो. दोन बाथरूममधून असा दोन टनांहून जास्त भराव निघतो, आणि त्यांच्या भिंतींवरच्या टाइल्स व प्लास्टर पावणेदोन टन. एकूण साडेआठ टनांच्या आसपास. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तीस किलो भरलं तर पावणेतीनशेहून जास्त गोण्या. छोट्या टेम्पोच्या अकरा-बारा फेऱ्या.

या गोण्या खाली कशा जाणार? सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता 408 किलो असते. दहा गोण्या आणि एक मजूर, एवढंच तिने न्यावं, म्हणजे अठ्ठावीस-तीस फेऱ्या. मजूर पंधरा-वीस गोण्या कोंबतात, कारण लिफ्ट लगेच तक्रार करत नाही. ब्रेक आणि दोर आधी झिजतात, दाराच्या खाचेत वाळू बसते आणि तीन महिन्यांनी लिफ्टवाल्याचं बिल येतं. म्हणून लिफ्टच्या आत प्लायवूड लावायचं, खाली गोणपाट किंवा जाड प्लास्टिक घालायचं, वजनाची मर्यादा मोठ्या अक्षरांत लिहायची आणि गर्दी नसलेली वेळ ठरवून द्यायची, दुपारी बारा ते तीन. लिफ्टला सरसकट बंदी घातली तर मजूर त्याच गोण्या पाचव्या मजल्यावरून डक्टमध्ये सोडून देतात आणि खालचे ड्रेनेजचे पाइप फोडतात. हे आधी गृहीत धरलेलं बरं.

खाली नेण्याआधी गोण्या घरात असतात, आणि खरा धोका तिथे आहे. दिवसभराच्या तोडफोडीनंतर मजूर त्या हॉलच्या एका कोपऱ्यात किंवा बाल्कनीत एकावर एक रचतात, वावरायला जागा राहावी म्हणून. मीटरभर उंच रचलेल्या मलब्याचा भार चौरस मीटरला बाराशे किलोच्या घरात जातो. स्लॅबसाठी धरलेले 200 किलो वर आलेच आहेत. स्लॅब लगेच कोसळतो असं नाही, त्यात सुरक्षिततेची जागा ठेवलेली असते. पण तीस वर्षं जुन्या, आतून सळया गंजलेल्या बाल्कनीला किती जागा उरली आहे ते कोण सांगणार? नियम साधा ठेवावा. गोण्यांचा एकच थर, तोही बाल्कनीत नाही, आणि आजचा मलबा आज किंवा फार तर उद्या दुपारपर्यंत घराबाहेर.

घराबाहेर म्हणजे गेटबाहेरच्या फुटपाथवर नव्हे. 2016 मध्ये केंद्र सरकारने बांधकामाच्या कचऱ्यासाठी पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले, तेव्हापासून तो घरच्या कचऱ्यात मिसळणं किंवा रस्त्यावर, नाल्यात टाकणं हा सरळ गुन्हा ठरतो. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. तिच्यात 500 किलोपर्यंतचा राडारोडा मोफत नेला जातो, त्यापुढे शुल्क लागतं, आणि तो दहिसर किंवा शिळफाटा इथल्या प्रक्रिया केंद्रात जातो. पाचशे किलो म्हणजे सोळा-सतरा गोण्या. एक बाथरूमची टाइल बदलणाऱ्याला ते पुरतं, आपल्या साडेआठ टनवाल्याला शुल्क भरावंच लागेल. पण मोठा फरक पावतीचा आहे. कंत्राटदाराच्या ओळखीचा टेम्पोवाला स्वस्तात नेतो आणि रात्री खाडीकाठच्या खारफुटीत ओतून येतो. ‘आपलं घर साफ झालं ना’ असं म्हणून मालक मोकळा होतो. वाहतुकीची आणि केंद्रात जमा केल्याची पावती दिल्याशिवाय डिपॉझिट परत नाही, एवढी एक अट घातली की हा प्रश्न बराच कमी होतो.

डिपॉझिटवर येऊ. रकमा सोसायटीगणिक बदलतात, कुठे 10 हजार, कुठे 50 हजार, आणि टॉवरमध्ये त्याहून जास्त. तिच्याबद्दल दोन्ही बाजूंचा गैरसमज असतो. सभासदाला ती खंडणी वाटते, कमिटीला उत्पन्न. ती दोन्ही नाही. ती सभासदाची रक्कम आहे, संस्थेकडे ठेवलेली. हिशेबात ती देणी म्हणून दिसली पाहिजे, चेकने घेतली पाहिजे आणि तिची वेगळी पावती हवी. पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये परस्पर वळती करायची नसते. परत न मिळणारी ‘रिनोव्हेशन फी’ किंवा ‘विकास निधी’ म्हणून हजारो रुपये उकळण्याची पद्धत मात्र तपासून पाहावी. उपविधीत नसलेल्या आणि सर्वसाधारण सभेने न ठरवलेल्या नावाखाली सभासदाकडून पैसे घेण्याचा अधिकार कमिटीला नाही. लिफ्टच्या वापरासाठी किंवा पाण्यासाठी आकार घ्यायचाच असेल तर तो सभेने ठरवावा, सगळ्यांना सारखा असावा आणि प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा काही मेळ असावा.

डिपॉझिटमधून कापायचं तेही बिल दाखवून. लिफ्टचा आरसा फुटला तर आरशाचं बिल, जिन्याची फरशी उडाली तर फरशीचं. ‘नियमभंगाबद्दल 10 हजार जप्त’ असं कमिटीला परस्पर लिहिता येत नाही. उपविधींच्या भंगाबद्दल दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे आणि त्याआधी सभासदाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. पाणी तोडणं, वीज तोडणं, मजुरांना गेटवर अडवून घरमालकाला कोंडीत पकडणं ही हत्यारं तर कमिटीवरच उलटतात. नकाशाबाहेरचं काम दिसलं तर त्याच दिवशी फोटोसकट लेखी नोटीस द्यावी. कॉलम, बीम किंवा बाहेरच्या भिंतीला हात लागला असेल तर वाट न बघता महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवावं. काम थांबवण्याची नोटीस काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. बाकी तंट्यांना सहकार न्यायालय आहे.

डिपॉझिट कधी परत करायचं, हा प्रश्न मात्र बाथरूमशी बांधलेला आहे. बाथरूमची जुनी टाइल आणि भराव काढला की त्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर हमखास जातो. नवा थर नीट झाला की नाही हे टाइल बसल्यावर कळत नाही. त्यासाठी टाइल बसवण्याआधी नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी किमान 48 तास तुंबवून ठेवायचं, आणि त्या काळात खालच्या घराचं छत बघायचं. कंत्राटदाराला ही चाचणी नको असते, त्याचे दोन दिवस मोडतात. म्हणून ती परवानगीच्या पत्रात अट म्हणून असावी आणि सेक्रेटरींनी किंवा कमिटीतल्या कोणीतरी दोन्ही मजल्यांवर जाऊन बघून सही करावी. ही सही नसेल तर टाइलचं काम पुढे जाऊ नये.

काम संपल्यावर डिपॉझिटचा मोठा भाग लगेच परत करावा आणि थोडा दोन-तीन महिने ठेवावा. काही सोसायट्या ‘एक पावसाळा जाऊ द्या’ म्हणतात, पण बाथरूमच्या गळतीचा पावसाळ्याशी संबंध नाही. उलट पावसाळ्यात बाहेरून झिरपणारं पाणी आणि आतलं पाणी यांचा घोळ होतो. मे महिन्यातही छत ओलं असेल तर पाणी वरच्या घरातलं. पहिल्या पावसानंतरच डाग दिसला तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासावी. आतल्या गळतीतही नळाच्या लाइनची गळती चोवीस तास चालू राहते, वरचे लोक गावाला गेले तरी. त्यांनी आपला मुख्य व्हॉल्व्ह बंद केला की ती थांबते. ड्रेनेजची किंवा जमिनीची गळती वरच्यांची आंघोळ झाली की वाढते आणि ते गावाला गेले की सुकते. एवढं निरीक्षण खालच्या घराने चार-आठ दिवस लिहून ठेवलं तर प्लंबर येण्याआधीच निम्मा शोध लागलेला असतो आणि खर्च कुणाचा हेही बरचसं ठरतं.

शेवटचा हप्ता परत देताना सभासदाकडून एक गोष्ट जरूर मागून घ्यावी. भिंती बंद होण्याआधी काढलेले पाइप आणि वायरींच्या मार्गांचे फोटो, मोजपट्टी धरून. ते सोसायटीच्या फाइलीत त्या सदनिकेच्या नावाने राहावेत. सात-आठ वर्षांनी तेच घर विकलं जातं, नवा मालक किचनमध्ये कपाट ठोकायला ड्रिल लावतो आणि पाण्याची लाइन फोडतो. तेव्हा त्या फाइलीतला एक फोटो त्याचं कपाटही वाचवतो आणि चौथ्या मजल्याचं छतही.